बुडीत खर्च आणि दारातला उंदीर

स्पर्धा परीक्षेचा अंतिम निकाल लागला की यशस्वी उमेदवारांची छायाचित्रे छापून येतात आणि त्यांतल्या एखाद्याने सहाव्या प्रयत्नात यश मिळवलेले असते. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारे हजारो विद्यार्थी ती बातमी वाचतात आणि आणखी एका वर्षाचे भाडे भरतात. २०२४ च्या नागरी सेवा पूर्व परीक्षेला सुमारे ५ लाख ८३ हजार उमेदवार बसले होते आणि शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. उरलेल्यांपैकी अनेकांसमोर जो प्रश्न उभा राहतो, तो ‘इतकी वर्षे घातली, आता कसे सोडायचे?’ या शब्दांत विचारला जातो.

जो पैसा आणि जो काळ कोणताही निर्णय घेतला तरी परत मिळणार नाही, त्याला अर्थशास्त्रात बुडीत खर्च म्हणतात. पुढचा निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत सांगितलेले असते, पण माणसाला ते जमत नाही. यामागे केवळ ‘लोक काय म्हणतील’ ही भीती आहे असा एक सर्वसाधारण समज आहे, आणि तो अपुरा आहे असे मला वाटते, कारण लोकलाजेचा प्रश्न नसलेले उंदीरही असेच वागतात.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ब्रायन स्वाइस, डेव्हिड रेडिश आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या उंदरांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदराला चार कोपऱ्यांत चार स्वादांचे खाद्य मिळे आणि त्यासाठी दिवसाला एकच तास मिळे. प्रत्येक कोपऱ्याचे दोन भाग होते. दाराशी आल्यावर एक स्वर वाजे आणि त्या स्वराच्या उंचीवरून आत किती सेकंद थांबावे लागेल हे उंदराला कळे. तिथे विचार करून तो पुढे जाऊ शके किंवा आत शिरू शके. आत शिरल्यावर उलटी मोजणी सुरू होई, मात्र मध्येच सोडून जाण्याची मुभा तेव्हाही होती. प्रतीक्षेचे समजा १० सेकंदच उरले असतील, तर आधी किती थांबलो याने फरक पडायला नको. प्रत्यक्षात जो उंदीर आत जास्त वेळ थांबलेला असे, तो टिकून राहण्याची शक्यता जास्त असे. मोठ्या जातीच्या उंदरांत आणि माणसांतही हाच कल आढळला.

या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे. दाराशी विचार करण्यात घालवलेला वेळसुद्धा त्याच एका तासातून जात होता, पण तो किती गेला याचा आत थांबण्याच्या चिकाटीवर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे बुडीत खर्चाची पकड ‘मी हे स्वीकारले’ या क्षणानंतर सुरू होते. आत शेवटपर्यंत टिकणारे उंदीर मुळातच अधिक चिकाटीचे असू शकतात आणि त्यामुळे परिणाम आहे त्यापेक्षा मोठा भासत असेल, असा रास्त आक्षेप २०२२ मध्ये घेण्यात आला. तरीही दारातला आणि आतला फरक विचारात घेण्याजोगा आहे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेला एक २९ वर्षांचा तरुण खर्चाची वही घेऊन आला होता. खुल्या प्रवर्गातल्या सहा प्रयत्नांपैकी त्याचे चार झाले होते आणि खोली, मेस, अभ्यासिका व क्लास मिळून साडेसहा लाख रुपये गेले होते. तो आकडा त्याने लाल शाईने अधोरेखित केला होता. आम्ही त्यावर कागद ठेवला आणि पुढचे लिहिले. आणखी एका वर्षाचा खर्च १ लाख ३० हजार आणि २५ हजारांची नोकरी न केल्याने हुकणारे ३ लाख, म्हणजे ज्यांचा निर्णय अजून त्याच्या हातात होता असे ४ लाख ३० हजार.

मात्र मागची वर्षे पूर्णपणे पुसून टाकणेही चूक ठरेल. त्यांतला पैसा बुडीत असला तरी त्यांतली माहिती बुडीत नसते. पूर्व परीक्षेच्या कटऑफपासून तो चार वेळा अनुक्रमे २१, १४, १५ आणि १४ गुणांनी मागे राहिला होता. ही तफावत २१, १४, ८, ३ अशी घटत गेली असती, तर पाचवा प्रयत्न करण्याला सबळ आधार होता. इथे दुसऱ्या वर्षानंतर सुधारणा थांबली होती, आणि अभ्यासाची पद्धत तीच होती. साडेसाती संपली की यश मिळेल असे त्याच्या घरी एका ज्योतिषाने सांगितले होते. चार वर्षांचे गुण समोर असताना अशा भाकितावर तरुण मुलाचे आणखी एक वर्ष लावणे मला अन्यायाचे वाटते.

अर्ज भरला, खोलीचे भाडे आगाऊ दिले की तो विद्यार्थी ‘आत’ गेलेला असतो. म्हणून निर्णय अर्जाआधी, शक्यतो अभ्यासिकेपासून दूर, गावी असताना घ्यावा. त्या वेळी विचारायचा प्रश्न असा : माझ्याच वयाचा, माझ्याइतकीच तयारी असलेला, पण एक रुपयाही न घालवलेला कोणी आज आला, तर पुढचे ४ लाख ३० हजार त्याने यात घालावेत का?

त्या तरुणाने याचे उत्तर लगेच दिले नाही. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले की फेब्रुवारीपर्यंत नोकरी करत, पद्धत बदलून अभ्यास करायचा, घड्याळ लावून जुन्या दहा प्रश्नपत्रिका सोडवायच्या आणि त्या त्या वर्षीच्या कटऑफपासूनची सरासरी तफावत पाचाच्या आत आली नाही, तर अर्ज भरायचा नाही. त्याखाली त्याने तारीख घातली आणि वडिलांची सही घेतली.