आवेग प्रतिसाद व संवलन : आरसी मंडल

एक रोधक (R) व एक धारित्र (C) एकसर जोडून त्या जोडीला आदान दाब x(t) दिला आणि धारित्राच्या दोन टोकांमधला दाब y(t) हे प्रदान मानले, तर मंडलाचे समीकरण RC·dy/dt + y = x असे होते. RC या गुणाकाराला कालस्थिरांक म्हणतात. येथे तो T ने दाखवला आहे. अशा मंडलाला क्षणिक आवेग दिल्यावर मिळणारे प्रदान म्हणजे त्याचा आवेग प्रतिसाद h(t). हा एकच आलेख हाती असला, की कोणत्याही आदानाचे प्रदान संवलनाने, म्हणजे अभियंत्यांच्या बोलण्यातल्या कन्व्होल्यूशनने काढता येते.

आवेग हा अत्यंत थोडा काळ टिकणारा दाबाचा ठोका. त्याच्या उंचीला स्वतंत्र अर्थ नसतो. महत्त्व असते ते दाब-काल आलेखाखालच्या क्षेत्रफळाला, आणि त्याचे एकक व्होल्ट-सेकंद. हे क्षेत्रफळ A असेल, तर ठोक्याच्या काळात धारित्रावरचा दाब आदानापुढे नगण्य असतो. म्हणून जवळपास सगळा दाब रोधकावर पडतो, प्रवाह x/R इतका वाहतो आणि धारित्रावर एकूण A/R इतका विद्युत् भार साठतो. त्यामुळे धारित्राचा दाब एकदम A/RC पर्यंत उडी घेतो. ठोका संपल्यावर हा भार त्याच रोधकातून ओसरतो. A = 1 घेतल्यास

h(t) = (1/T)·e^(−t/T), t > 0

आणि t < 0 साठी h = 0, कारण ठोक्याआधी प्रतिसाद नसतो. येथे विद्यार्थ्यांची एक चूक वारंवार होते. आदान शून्य होणे म्हणजे तार तोडणे नव्हे. तार तोडली तर भाराला वाटच उरत नाही आणि दाब तसाच टिकून राहतो. शून्य व्होल्टचा उगम मात्र मंडल पूर्ण ठेवतो, आणि वरचा ऱ्हास त्यामुळेच घडतो.

या कल्पनांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. आवेगाच्या फलाला पॉल डिरॅक यांचे नाव चिकटले, ते त्यांच्या १९२७ च्या लेखामुळे व १९३० च्या पुंजयामिकीवरील ग्रंथामुळे. परंतु ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८९० च्या दशकातील विद्युत्-चुंबकीय लेखनात पायरी फलाचे अवकलन करून आवेग वापरलेला आहे, आणि मंडलांच्या संदर्भात अग्रमान त्यांना देणे अधिक रास्त वाटते. डिरॅक यांचे मूळ शिक्षण ब्रिस्टल येथे विद्युत् अभियांत्रिकीचे होते, ही गोष्टही या वादात लक्षात घ्यावी लागते. संवलनाचा समाकल त्याहून जुना आहे. बदलत्या तापमानाच्या माध्यमात ठेवलेल्या घनाच्या उष्णतावहनासाठी झां मारी द्युआमेल यांनी १८३३ च्या सुमारास याच घाटाचा अध्यारोपण समाकल मांडला. विद्युत् मंडलांच्या क्षणिक वर्तनासाठी त्याचा पद्धतशीर उपयोग जॉन कार्सन यांनी १९१० च्या दशकाअखेरीस केला, मात्र त्यांचा आधार आवेग नसून पायरी प्रतिसाद होता. आवेगाच्या फलाला गणिती शिस्त लॉरां श्वार्ट्झ यांच्या वितरण सिद्धांताने दिली.

संवलनामागचा विचार असा : आदानाचे उभे पातळ काप करावेत. τ या क्षणाचा dτ रुंदीचा काप हा x(τ)dτ क्षेत्रफळाचा एक छोटा आवेगच असतो. तो t क्षणापर्यंत (t − τ) इतका जुना होतो, म्हणून त्याचा तेव्हाचा वाटा x(τ)h(t − τ)dτ. मंडल रेखीय असल्याने हे वाटे सरळ बेरजेत मिळवता येतात, आणि R व C काळानुसार बदलत नसल्याने प्रत्येक कापाला तोच h लागू पडतो :

y(t) = ∫ x(τ)·h(t − τ) dτ

आरसी मंडलात याचा अर्थ सोपा आहे. प्रदान ही आदानाच्या गतकाळाची भारित सरासरी असते. ताज्या कापाला सर्वांत जास्त वजन आणि T इतक्या जुन्या कापाला त्याच्या सुमारे ३७ टक्के. सगळ्या वजनांची बेरीज १ भरते, म्हणूनच स्थिर आदान दीर्घकाळ दिल्यास प्रदान त्याच मूल्याला पोहोचते. काढलेला h बरोबर आहे का, हे पाहण्याची ही झटपट कसोटी आहे.

उदाहरण म्हणून R = १० किलोओहम व C = ०.१ मायक्रोफॅरड घेऊ; म्हणजे T = १ मिलिसेकंद. आदान ५ व्होल्टचे, २ मिलिसेकंद टिकणारे आयताकार स्पंद आहे. स्पंद चालू असताना समाकल ० पासून t पर्यंत घ्यावा लागतो व y = 5(1 − e^(−t/T)) मिळते; २ मिलिसेकंदांना हे मूल्य ४.३२ व्होल्ट होते. पुढे मात्र वरची मर्यादा t राहत नाही, २ मिलिसेकंदांवरच थांबते, कारण त्यानंतर आदानच नाही. तेव्हा y = 5(e^(−(t−2)/T) − e^(−t/T)), t व T मिलिसेकंदांत; ३ मिलिसेकंदांना १.५९ व्होल्ट. मर्यादा चुकली तर ती सहज उघडी पडते. धारित्राचा दाब आवेगाखेरीज उडी मारू शकत नाही, म्हणून दोन्ही सूत्रांनी २ मिलिसेकंदांना एकच मूल्य दिले पाहिजे.

आयताऐवजी वाटेल तसे आदान असेल, तर त्याचे पायऱ्यांसारखे तुकडे पाडतात. Δ रुंदीच्या तुकड्यात आदान स्थिर धरल्यास, a = e^(−Δ/T) घेऊन,

y(नवे) = a·y(जुने) + (1 − a)·x

हे सूत्र नेमके लागू पडते. वरच्याच मंडलाला अर्धा-अर्धा मिलिसेकंद अनुक्रमे २, ४ व ० व्होल्ट दिले, तर a = ०.६०७ आणि तुकड्यांच्या अखेरीस प्रदान ०.७९, २.०५ व १.२४ व्होल्ट येते. दर वेळी मागचा सगळा समाकल पुन्हा करावा लागत नाही, कारण घातीय ऱ्हासात जुन्या सर्व वाट्यांची बेरीज धारित्राच्या आताच्या दाबात सामावलेली असते. अनेक धारित्रांच्या मंडलात एवढी एक संख्या पुरत नाही.

प्रयोगशाळेत खरा आवेग देता येत नाही. T च्या मानाने अरुंद स्पंद पुरते. वरच्या मंडलाला ५० व्होल्टचे ०.१ मिलिसेकंदाचे स्पंद दिल्यास आदर्श उडी ५ व्होल्टची असते, पण स्पंद संपताना दाब ४.७६ व्होल्ट भरतो. हा फरक मापनदोष नव्हे. आवेग स्पंदाच्या मध्यावर घडला असे मानले, की त्या क्षणापुरते आदर्श सूत्रही ४.७६ देते.

संवलनातून मिळते ते केवळ आदानामुळे आलेले प्रदान. धारित्रावर आधीच V0 दाब असेल, तर V0·e^(−t/T) हे पद वेगळे मिळवावे लागते. प्रदानाला भाररोध RL जोडला, तर h ची सुरुवातीची उडी 1/RC इतकीच राहते, पण भार आता दोन वाटांनी ओसरतो आणि ऱ्हासाचा कालस्थिरांक R व RL यांच्या समांतर रोधाला C ने गुणून येतो. RL = R असल्यास तो निम्मा होतो आणि h खालचे क्षेत्रफळही १/२ उरते. प्रदान रोधकावरून घेतल्यास h मध्ये आवेग स्वतः उतरतो व त्यातून वरचा घातीय भाग वजा होतो. क्षेत्रफळ शून्य होते आणि स्थिर दाब अडवला जातो.