फुकट चॅनल आणि कापले जाणारे पैसे

“स्मार्ट टीव्हीवरचे फुकट चॅनल महिनाभरच फुकट असतात, मग गुपचूप पैसे कापायला लागतात.”

पैसे कापायचे तर आपलं कार्ड किंवा बँकेची परवानगी हवी. हे चॅनल लावताना तसलं काही विचारतच नाहीत, बरेचदा लॉगिनही नसतं. कमाई जाहिरातींची. कार्यक्रम इंटरनेटवरून येतो आणि ठरलेल्या जागी जाहिरात घातली जाते, म्हणून एकच चॅनल दोन घरांत लावलं तरी जाहिराती वेगळ्या दिसू शकतात.

भीती मात्र उगाच आलेली नाही. त्याच पडद्यावर, शेजारच्या चौकटीत सशुल्क ॲप असतं. त्याची ‘महिनाभर मोफत’ योजना बहुधा सुरुवातीलाच कार्ड मागते आणि रद्द केली नाही तर मुदत संपताच पैसे घेते.

पडताळायला टीव्हीच्या खात्यातलं सबस्क्रिप्शनचं पान उघडा. फोनवरून काही घेतलं असेल तर तिथलंही. जे दिसेल ते सशुल्क, आणि ते तिथूनच रद्द करा. नुसतं ॲप काढून वर्गणी थांबत नाही (इथेच बरेच जण फसतात).

फुकट चॅनलला खर्च होतो तो डेटा: एचडी चित्राला तासाला साधारण 2 ते 3 जीबी.