स्वातंत्र्यमात्रा १.१६ कशा? स्फेरिसिटी मोडलेला प्रयोग कसा लिहावा

मानसशास्त्र, वैद्यक किंवा क्रीडाविज्ञानातला शोधनिबंध चाळताना अधूनमधून अशी ओळ दिसते: F(१.१६, ८.१०) = ४.४२, p = ०.०६५. कंसातले आकडे म्हणजे स्वातंत्र्यमात्रा. त्या माणसांच्या आणि मापनांच्या संख्येवरून मोजतात, म्हणजे खरे तर पूर्णांक असायला हव्यात. मग १.१६ कुठून आले? टंकनदोष नाही तो. त्या दशांशामागे लेखकाने काही गृहीत तपासले, ते मोडलेले आढळले आणि त्याने त्याची किंमत चुकवली, एवढी हकिकत आहे. ती वाचकाला कळेल अशी लिहिणे मात्र अनेकांना जमत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी रचले आहेत, पण गणित खरे आहे. रात्रपाळीच्या आठ परिचारिकांचा प्रतिक्रियाकाळ रात्री ९, रात्री १ आणि पहाटे ५ वाजता मोजला. पडद्यावर ठिपका दिसला की बटण दाबायचे, मध्ये किती मिलिसेकंद गेले ते नोंदवायचे. त्याच आठ जणी तीनदा मोजल्या, म्हणून हे पुनरावृत्त मापन. सरासरी आली २६२, २६८ आणि २८५. पहाटे मंदावल्या, असे दिसते. पण हा फरक खरा की योगायोगाचा?

त्यासाठी अनोव्हा, म्हणजे प्रचरण विश्लेषण करतात. वेळेमुळे पडलेला फरक एका बाजूला आणि उरलेली यादृच्छिक खळबळ दुसऱ्या बाजूला ठेवून भागाकार केला की F मिळतो. इथे तो ४.४२. तीन वेळा, म्हणून पहिली स्वातंत्र्यमात्रा ३ – १ = २; आठ जणी, म्हणून दुसरी २ × ७ = १४. या मात्रांच्या कोष्टकात ५ टक्क्यांची सीमा ३.७४ आहे. आपला F तिच्यापुढे, p = ०.०३२. बरेच जण इथेच थांबून “फरक लक्षणीय आहे” असे लिहून मोकळे होतात.

अडचण त्या खळबळीत आहे. वरचे कोष्टक एक गोष्ट धरून चालते: कोणत्याही दोन वेळांमधला फरक माणसागणिक जितका बदलतो, तितकाच तो इतर प्रत्येक जोडीतही बदलावा. याला स्फेरिसिटी म्हणतात. आपल्या आठ जणींत रात्री ९ ते १ या फरकाचे प्रचरण आहे ८२. रात्री १ ते पहाटे ५ मध्ये ते ६६४, आणि ९ ते ५ मध्ये ७९८. तिघांत बरोबरी कुठेच नाही. त्यात नवलही नाही. मध्यरात्रीपर्यंत सगळ्या जवळपास सारख्याच चालतात. पहाटे एखादी ५७ मिलिसेकंदांनी मंदावते, तर दुसरी उलट १३ मिलिसेकंदांनी चपळ होते. काळाच्या ओघात घेतलेल्या मापनांत असे हमखास घडते: जवळच्या वेळांची मापने एकमेकांसारखी असतात, लांबच्या वेळांची पांगतात. (दोनच वेळा मोजले असते तर हा प्रश्नच नव्हता, जोडी एकच, तिची तुलना कोणाशी करणार?)

F च्या छेदात या तिन्ही फरकांच्या खळबळीची सरासरी असते. पण ती सरासरी जवळजवळ सगळी पहाटेच्या पांगण्यातूनच येते, ९ ते १ च्या फरकाचा तीत वाटा नगण्य. म्हणून कागदावर १४ स्वतंत्र तुकडे दिसले तरी कामाची माहिती त्याहून बरीच कमी आहे. जॉर्ज बॉक्स यांनी १९५४ मध्ये दाखवले की अशा वेळी F चे वितरण एका वेगळ्या F-वितरणाच्या जवळ जाते, ज्याच्या दोन्ही स्वातंत्र्यमात्रा एकाच संख्येने गुणलेल्या असतात. ती संख्या म्हणजे एप्सिलॉन, ε. स्फेरिसिटी पूर्ण असेल तर ती १. तीन वेळांच्या प्रयोगात ती खाली उतरून जास्तीत जास्त ०.५ पर्यंत जाते, चार वेळांच्या प्रयोगात एक तृतीयांशापर्यंत.

ε आकडेवारीवरून अदमासावा लागतो. ग्रीनहाउस आणि गाइसर यांची पद्धत १९५९ची, ह्यून आणि फेल्ट यांची १९७६ची. पहिली थोडी कंजूष आहे, ε खऱ्यापेक्षा कमी सांगण्याकडे तिचा कल असतो; दुसरी तो कल भरून काढते, कधी जास्तच, इतकी की उत्तर १ च्या वर गेले तर ते १ धरावे लागते. आपल्या उदाहरणात पहिलीने ०.५७९ आणि दुसरीने ०.६२१ दिले. मूळ २ आणि १४ ला ०.५७९ ने गुणले की १.१६ आणि ८.१०. कंसातले दशांश आले ते इथून.

आता नीट पाहा: F अजून ४.४२च आहे. सरासऱ्या तशाच, बेरजा तशाच, परिणामाचे मापन म्हणून देतात ते आंशिक ईटा-वर्गही तेच, ०.३९. बदलले फक्त कोष्टक. नव्या मात्रांत सीमा ३.७४ वरून ५.१ च्या आसपास सरकते आणि p होते ०.०६५. “आम्ही आकडेवारी दुरुस्त केली” असे वाक्य निबंधांत भेटते, ते चूक आहे. आकडेवारीला कोणी हात लावलेला नाही. पुराव्याकडून अपेक्षा तेवढी वाढवली आहे.

हे सारे आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत, कोणतेही जादा पॅकेज न घेता, असे करून पाहता येते:

```r
y <- cbind(
  r9 = c(248,271,259,280,243,266,255,274),
  r1 = c(265,281,258,273,255,282,259,271),
  p5 = c(264,338,245,305,257,327,252,292))
m  <- lm(y ~ 1)
m0 <- update(m, ~ 0)
mauchly.test(m, X = ~1)
anova(m, m0, X = ~1, test = "Spherical")
```

शेवटची ओळ तीन p देते: दुरुस्तीविना ०.०३२, ग्रीनहाउस-गाइसरचा ०.०६५ आणि ह्यून-फेल्टचा ०.०६०. त्याआधीची ओळ मॉक्ली चाचणीची. जॉन मॉक्ली यांनी ती १९४० मध्ये मांडली. हेच मॉक्ली पुढे एकर्ट यांच्यासोबत एनिॲक संगणकाचे जनक ठरले. संख्याशास्त्रवाल्यांना मात्र ते या चाचणीमुळे ठाऊक असतात. इथे W = ०.२७२, p = ०.०२० येतो, म्हणजे स्फेरिसिटीचे गृहीत टिकत नाही.

या चाचणीवर सगळी भिस्त ठेवण्याची प्रथा मला पटत नाही. “मॉक्ली लक्षणीय असेल तरच दुरुस्ती” हा नियम पाठ्यपुस्तकांतून आला आहे. पण आठ-दहा माणसांच्या प्रयोगात ही चाचणी दुबळी असते, मोठे उल्लंघनही तिच्या नजरेतून सुटू शकते. आणि नमुना मोठा असला की क्षुल्लक फरकावरही ती ओरडते. नजर ε वर ठेवावी. तो १ जवळ असेल तर दुरुस्ती केली तरी फारसे बिघडत नाही, आणि दूर असेल तर ती हवीच असते. म्हणून चाचणीचा निकाल काहीही येवो, दुरुस्ती करायचीच असे आधी ठरवणे जास्त सरळ. कोणती, तेही आकडे पाहण्याआधी ठरवावे. ε ०.७५ पेक्षा कमी तर ग्रीनहाउस-गाइसर, जास्त तर ह्यून-फेल्ट, असा एक प्रचलित दंडक आहे. आपल्याकडे दोन्ही p एकाच बाजूला पडले. ते सीमेच्या दोन बाजूंना पडले असते आणि लेखकाने मग सोयीची निवडली असती, तर ती दुरुस्ती राहिली नसती.

लिहायचे कसे? मी असे लिहीन:

“तीन वेळांच्या मापनांत स्फेरिसिटीचे गृहीत टिकले नाही (मॉक्ली W = ०.२७, χ²(२) = ७.८२, p = ०.०२०). म्हणून स्वातंत्र्यमात्रा ग्रीनहाउस-गाइसर पद्धतीने दुरुस्त केल्या (ε = ०.५८). प्रतिक्रियाकाळावर वेळेचा परिणाम ५ टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय आढळला नाही, F(१.१६, ८.१०) = ४.४२, p = ०.०६५, आंशिक ईटा-वर्ग = ०.३९.”

यात दुरुस्तीचे नाव, ε आणि दुरुस्त मात्रा तिन्ही आहेत. दशांश गोल करून F(१, ८) लिहू नये, कारण तो वेगळ्याच प्रयोगाचा पत्ता वाटतो. सर्वात जास्त भेटणारी चूक मात्र दुसरी: p दुरुस्त केलेला, पण कंसात जुनेच (२, १४). वाचकाने कोष्टक उघडले तर F(२, १४) = ४.४२ ला p ०.०३२ मिळेल आणि निबंधात ०.०६५ असेल. काही नियतकालिकांत मूळ मात्रा देऊन शेजारी ε लिहिण्याची पद्धत आहे, ती चालते, पण मग तसे स्पष्ट सांगावे लागते. दुरुस्त मात्रा दिल्या असतील तर वाचकाला ताळा घेता येतो: १.१६ ला २ ने आणि ८.१० ला १४ ने भागले की दोन्हीकडून ०.५८च यायला हवे. वेगळे आले तर कुठेतरी नक्कल करताना आकडा निसटला आहे.

इतके नीट लिहूनही पुढच्याच परिच्छेदात घोळ होतो, आणि तो जास्त महाग पडतो. अनोव्हानंतर कोणत्या दोन वेळांत फरक आहे ते पाहतात. त्यासाठी अनेकदा तीच सरासरी खळबळ सगळ्या जोड्यांना वापरली जाते. आपल्या उदाहरणात तसे केले तर प्रत्येक जोडीची प्रमाण त्रुटी ८.०२ येते. रात्री ९ ते पहाटे ५ चा फरक २३, म्हणून t = २.८७, p सुमारे ०.०१२, तीन तुलनांसाठी तिप्पट केला तरी ०.०४ च्या आत. अरे वा, फरक सापडला! पण त्या जोडीची स्वतःची प्रमाण त्रुटी ९.९९ आहे, आणि ती घेतली की t(७) = २.३०, p = ०.०५५, तिप्पट केला तर ०.१६. उलट ९ ते १ या जोडीची स्वतःची त्रुटी फक्त ३.२१, तिथे सरासरी खळबळ वापरली तर t १.८७ ऐवजी ०.७५ दिसतो. स्फेरिसिटी नाही, म्हणजे एकच खळबळ सगळ्यांना लागू नाही, हे वर लिहून खाली तीच वापरायची, हा उघड विरोध आहे. दुरुस्त p ने वरच्या ओळीत जे नाकारले ते जोड्यांच्या तुलनेतून मागच्या दाराने परत येते.

म्हणून प्रत्येक जोडीला तिचीच प्रमाण त्रुटी द्यावी आणि फरक विश्वास-अंतरासह लिहावा: पहाटे ५ वाजता प्रतिक्रियाकाळ रात्री ९ पेक्षा २३ मिलिसेकंदांनी जास्त, ९५ टक्के अंतर –०.६ ते ४६.६, बहुतुलनांची दुरुस्ती न करता. ०.०६५ पाहून “वेळेचा परिणाम होत नाही” असे लिहिणाऱ्यालाही हे अंतर रोखते. त्यात शून्य आहे, पण ४५ मिलिसेकंदांची मंदीही आहे, आणि आठ जणींवरून त्यातले काय खरे हे ठरवता येत नाही.