अडकलेले विजेट

होमस्क्रीनवरच्या विजेटमध्ये तापमान, शिल्लक, पावले किंवा स्कोअर जुनाच दिसत राहणे, आणि ॲप उघडले की आत मात्र ताजी माहिती असणे, अशी ही स्थिती. बिघाड समजून लोक विजेट काढून पुन्हा लावतात. त्याने नवे चित्र येते, पण मूळ कारण तसेच राहते.

अँड्रॉइडवर विजेट म्हणजे चालू ॲप नव्हे. ॲप एकदा मांडणी तयार करून होमस्क्रीन सांभाळणाऱ्या लाँचरच्या हाती देते आणि स्वतः बंद होऊ शकते. नवी मांडणी येईपर्यंत लाँचर जुनीच दाखवतो. म्हणूनच हवामानाच्या विजेटमध्ये घड्याळ बरोबर चालते आणि तापमान कालचे असते. घड्याळाचा भाग लाँचर स्वतः फोनच्या वेळेवरून चालवतो, तापमान मात्र ॲपनेच आणून द्यावे लागते. चालते घड्याळ पाहून विजेट ताजे आहे असे समजू नये, ‘शेवटचे अद्ययावत’ अशी वेळ दिली असेल तर ती पाहावी.

ठरावीक अंतराने विजेट ताजे करण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण तिला 30 मिनिटांची किमान मर्यादा आहे. ॲप बनवणाऱ्याने असे लिहिले:

```xml
android:updatePeriodMillis="600000"
```

तर मागणी 10 मिनिटांची आहे, पण प्रणाली 30 मिनिटांतून एकदाच बोलावते, आणि चूकही दाखवत नाही. मागे चालणारी कामे ठरवणारे WorkManager हे साधन वापरून ठेवलेले आवर्ती काम 15 मिनिटांपर्यंत खाली येते, पण तेही घड्याळाच्या ठोक्याला होईल याची हमी नसते. त्यामुळे अर्ध्या तासाचा उशीर हा दोष नव्हे. मिनिटामिनिटाला बदलणारा क्रिकेटचा स्कोअर या मार्गाने येणारच नाही. त्यासाठी सर्व्हरकडून येणारी सूचना लागते.

खरी गोची रात्री होते. इंदूरमधल्या घरात सराफ्यावरून परतल्यावर रात्री 11 ला फोन उशाशी ठेवला, चार्जर लावला नाही. विजेटवर 28 अंश. पहाटे मुसळधार पाऊस झाला, हवा गार पडली, सकाळी साडेसहाला फोन उचलला तर 28 च. स्क्रीन बंद, फोन निश्चल आणि चार्जिंग नाही, या तिन्ही गोष्टी काही वेळ टिकल्या की अँड्रॉइड 6 पासून (2015) असलेली डोझ अवस्था सुरू होते. तीत ॲपचे नेटवर्क बंद असते आणि कामे पुढे ढकलली जातात. अधूनमधून थोडा वेळ मोकळीक मिळते, पण फोन जितका जास्त वेळ पडून राहील तितकी ही मोकळीक विरळ होत जाते. स्क्रीन उजळली की डोझ संपते, साचलेली कामे धावतात आणि आकडा थोड्याच वेळात बदलतो. असे झाले तर दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

दहा-पंधरा मिनिटे फोन हातात असूनही आकडा हलला नाही, तर कारण वेगळे. मग एक रात्र फोन चार्जरवर ठेवून पाहावे. चार्जिंगवर डोझ लागत नाही, म्हणून सकाळीही विजेट शिळेच असेल तर त्या ॲपवरच बंधन असण्याची शक्यता जास्त. सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीतल्या Battery खाली Restricted निवडलेले असेल तर Optimized करावे, तेवढ्याने भागले नाही तरच Unrestricted. काही कंपन्यांच्या फोनमध्ये आपोआप सुरू होण्याची परवानगी वेगळी असते, ती बंद असेल तर हा बदल पुरत नाही. Force stop केलेले ॲप तर पुन्हा उघडेपर्यंत जागे होत नाही, अँड्रॉइड 15 मध्ये त्याचे विजेट करडेही पडते.

विजेटवरचे रिफ्रेशचे चिन्ह दाबून माहिती लगेच आली, तर नेट आणि सर्व्हर ठीक आहेत आणि अडचण वेळापत्रकात आहे, असे धरावे. दाबूनही आली नाही, तर बॅटरीच्या सेटिंग्ज चाळण्यात अर्थ नाही.

इंदूरहून वडोदऱ्याला गेल्यावर अद्ययावत वेळ नवी, पण गाव इंदूरच, हा प्रकार बॅटरीचा नसून स्थानाच्या परवानगीचा. ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी असेल तर मागे चालणाऱ्या कामाला जागा कळत नाही आणि ते जुन्याच गावाचे ताजे तापमान आणते.

आयफोनवर (आयओएस 14, 2020 पासून) पुढच्या काही तासांत विजेटवर कधी काय दाखवायचे याचा क्रम ॲप आधीच देऊन ठेवते. वारंवार पाहिल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाला साधारण 40 ते 70 वेळा ताजे होता येते, म्हणजे 15 ते 60 मिनिटांत एकदा. इथे फसगत उलटी होते: तासागणिक आकडा बदलताना दिसतो, पण तो सकाळीच आणून ठेवलेल्या अंदाजातला असू शकतो.