कळलावीचा एक फोटो आणि तिची तीन नावे

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या एका गडग्यावर टिपलेला फोटो समोर आहे. त्यात कळलावीचे एकच फूल आहे. सहा पाकळ्या मागे उलटून वर गेल्या आहेत, त्यांच्या कडा चुण्या पडल्यासारख्या लहरी, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरले आहेत. आमच्याकडे गौरी सजवताना हे फूल लागतेच. ‘गौरीचे हात’ म्हणतात त्याला. हा फोटो कुणा वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवला तर तो सांगेल : ग्लोरिओसा सुपर्बा, कूळ कोल्चिकेसी. शंभर वर्षांपूर्वीच्या अभ्यासकाने पहिले दोन शब्द हेच सांगितले असते, कूळ मात्र दुसरेच.

मुळात अशा नावांची गरज का पडली, ते कळलावीच्याच बाबतीत चांगले कळते. काही भागांत तिला बचनाग म्हणतात. हिमालयात वाढणाऱ्या, मोरवेलीच्या कुळातल्या एका अतिविषारी झाडालाही बचनागच म्हणतात. दोन्ही विषारी, पण विषे वेगळी आणि त्यांचा परिणामही वेगळा. वैद्याच्या पुडीत यातले कोणते मूळ आहे, हे बोलीतल्या नावावरून ठरत नाही.

युरोपीय अभ्यासकांना ही वेल सतराव्या शतकात ठाऊक झाली. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ काढला (1678–1693). त्याच्या सातव्या खंडात ही वेल ‘मेंदोनी’ या मलबारी नावाने चित्रासह आहे. या ग्रंथाच्या कामात इट्टी अच्युतन या वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी जाणकारही होते. पहिल्या खंडात त्यांचे कोंकणीतले निवेदन नागरी लिपीत छापले आहे. त्या काळच्या छापील नागरीचा तो दुर्मीळ नमुना आहे, म्हणून इथे थोडे थांबावेसे वाटले.

त्याच काळात हॉलंडमधल्या बागांच्या ग्रंथांत हीच वेल दोन वेगळ्या नावांनी आली. पॉल हर्मनने तिला मलबारची मेथोनिका म्हटले, तर कॉमेलिनने तिला लिलीत घालून ‘लिलियम झेलानिकम सुपर्बम’, म्हणजे सिलोनची दिमाखदार लिली म्हटले. एका वेलीला अशी तीन नावे झाली, आणि ती एकाच वेलीची आहेत हे चित्रे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय समजत नव्हते.

कार्ल लिनियसने 1753 साली ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये नेमके हेच केले. त्याने ग्लोरिओसा सुपर्बा असे दोन शब्दी नाव दिले आणि त्याखाली वरची तिन्ही नावे नोंदवली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा त्या प्रजातीतली जाती ओळखायचा. ग्रीक वा लॅटिन मूळ नसलेली प्रजातींची नावे त्याला पसंत नव्हती. मेथोनिका मागे पडले. ‘सुपर्बा’ हा शब्द मात्र कॉमेलिनच्या नावातही होताच. वनस्पतींची वैध नावे याच ग्रंथापासून मोजली जातात, म्हणून आजही नावापुढे लिनियसचा ‘एल’ लागतो.

आता पुन्हा फोटोकडे. लिनियसची गट पाडायची रीत मोजणीची होती. पुंकेसर सहा, म्हणून सहावा वर्ग. त्यांच्या मधोमध एकच किंजल, म्हणजे परागकण झेलणारा दांडा, म्हणून त्या वर्गातली पहिली फळी. फोटोवरून कुणालाही हे मोजता येते, आणि ती रीत लोकप्रिय झाली ती यामुळेच. पण तिने भाताला आणि कळलावीला एकाच वर्गात बसवले, कारण भाताच्या फुलातही सहा पुंकेसर असतात. नात्याचा हिशोब त्यात नव्हता.

प्रजाती ओळखायची ती आकड्यांवरून नाही, बांधणीवरून. कळलावीचे किंजल बुडाशीच काटकोनात वळून आडवे बाहेर जाते. फोटो बाजूने काढला असेल तर ते स्पष्ट दिसते, समोरून काढलेल्या फोटोत ते एखाद्या पुंकेसरासारखे वाटून नजर फसते. दुसरी खूण पानाची : पानाचे टोक लांबून त्याची गुंडाळी होते आणि त्या तणाव्याने वेल शेजारच्या झुडपाला धरते. फोटो काढताना पान चौकटीत घ्यावे ते यासाठी. रंगावर मात्र जाती ठरवू नये. हेच फूल उमलताना हिरवट-पिवळे असते आणि काही दिवसांत लालभडक होते. आफ्रिकेतल्या रुंद पाकळ्यांच्या वेलींना एके काळी स्वतंत्र जातीचे नाव होते. आता बरेच अभ्यासक त्यांना सुपर्बातच धरतात.

कुळाची गोष्ट सर्वांत लांबली. आंत्वान लॉरां द ज्यूस्यू याने 1789 साली एका लक्षणाऐवजी अनेक लक्षणे एकत्र तोलून प्रजातींची कुळे मांडली. त्या परंपरेत सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि पाकळ्यांच्या वर बसलेला किंजपुट, म्हणजे बिया धरणारा भाग, असे फूल दिसले की ते बहुधा लिलीच्या कुळात, लिलिएसीत जाई. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (1901–1908) कळलावी त्याच कुळात आहे आणि तिच्यासोबत शतावरी व कोरफडही. कांदा-लसूणही बरेच दिवस त्याच घरात नांदले.

अडचण ही की सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर हा या मोठ्या गटाला फार जुन्या पूर्वजाकडून आलेला वारसा आहे. तो ज्याच्या त्याच्याकडे आहे, त्यामुळे त्यावरून जवळचे भाऊबंद ओळखता येत नाहीत. दोन माणसांच्या हाताला पाच-पाच बोटे आहेत म्हणून कुणी त्यांना सख्खे भाऊ म्हणत नाही.

कळलावीचे खरे भाऊबंद विषावरून आधीच सुचत होते. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. हे द्रव्य मुळात युरोपातल्या कोल्चिकम या झाडातले, संधिवाताच्या एका प्रकारावर औषध म्हणून वापरले जाणारे. कोल्चिकमचे फूल जमिनीतून थेट वर येणाऱ्या जांभळट पेल्यासारखे असते. कळलावीशी त्याचे रूप जुळत नाही. पुढे डीएनएच्या तुलनेनेही या दोघांना एकत्र आणले. ती पुराव्यात धरून 1998 साली एपीजी या अभ्यासक-गटाने जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत कोल्चिकेसी हे वेगळे कूळ आहे. शतावरी, कोरफड आणि कांदा तिसऱ्याच बाजूला गेले. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसात गवतात लपणारी चिमुकली इफिजेनिया मात्र कळलावीच्याच कुळात राहिली.

प्रजातीच्या भिंतीही हलल्या. आफ्रिकेत लिट्टोनिया नावाची, लोंबत्या नारिंगी घंटेसारख्या फुलाची वेल आहे. तिच्या पाकळ्या उलटत नाहीत, पण पानाच्या टोकाला तोच तणावा असतो. 2007 साली तिला ग्लोरिओसात सामील केले गेले.

फोटोत न आलेला एक भाग उरतो. कळलावीचा कंद जमिनीखाली नांगराच्या आकारात वाकलेला असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्या नांगरावरून. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हाच कंद उगाळून लावत, आणि मराठी नाव त्यावरून पडले. तो पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. गौरीसाठी फुले तोडली की हात स्वच्छ धुवावेत आणि उरलेली वेल मुलांच्या हाताला लागू देऊ नये.