परदेशी विद्यापीठासाठी शिफारसपत्र: प्राध्यापकांना पाठवायचा मेल, नमुन्यासह

अमेरिकेत एमएससाठी अर्ज करताना बहुतेक विद्यापीठं तीन शिफारसपत्रं मागतात. यातलं एकही पत्र तुमच्या हातून जात नाही. पोर्टलवर तुम्ही प्राध्यापकांचं नाव, हुद्दा आणि ईमेल भरता, विद्यापीठाकडून त्यांना थेट लिंक जाते आणि ते पत्र तिथेच अपलोड करतात. सोबत बऱ्याचदा एक फॉर्मही असतो: विद्यार्थ्याला कधीपासून ओळखता, काय शिकवलंत, वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांत तो बसतो की २५ टक्क्यांत. पाच विद्यापीठं निवडलीत, तर मॅडमना पाच वेगळ्या लिंक उघडून पाच फॉर्म भरावे लागतात. एवढं काम आपण मागतोय, हे मेलमध्ये त्यांना आधीच कळलं पाहिजे.

विचारायचं कोणाला? ज्यांनी तुम्हाला शिकवलंय आणि ज्यांना तुमचं काम आठवतं, त्यांना. प्राचार्यांच्या किंवा एचओडींच्या सहीला जास्त वजन असतं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण ज्यांनी तुमचा एकही तास घेतला नाही, त्यांच्या पत्रात सीजीपीएपलीकडे काही येत नाही, आणि तो मार्कशीटवर असतोच. प्रोजेक्ट गाइड, दोन विषय शिकवलेले प्राध्यापक आणि इंटर्नशिपमधले वरिष्ठ असे तिघं मिळाले तर उत्तम. नातेवाईक चालत नाहीत, मग ते प्राध्यापक असले तरी.

आता एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या एका कॉलेजात मेकॅनिकल पूर्ण केलेला मुलगा, विद्यापीठांची पहिली अंतिम तारीख १५ डिसेंबर. त्यानं मेल ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाठवावा, कारण पुढे दिवाळीची सुट्टी आणि त्याला लागून सत्र परीक्षा येते, पेपर तपासणी येते. रोजचं बोलणं मराठीत असेल तर मेल मराठीत पाठवायला हरकत नाही. जोडलेली कागदपत्रं मात्र इंग्रजीत हवीत, कारण पत्र इंग्रजीत लिहिलं जाणार आहे.

विषय: एमएस अर्जासाठी शिफारसपत्राची विनंती (मेकॅनिकल, २०२५ बॅच), पहिली तारीख १५ डिसेंबर

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी (पूर्ण नाव), मेकॅनिकलच्या २०२५ बॅचचा विद्यार्थी. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवलंत आणि शेवटच्या वर्षी द्राक्षं सुकवण्याच्या सोलर ड्रायरचा आमचा प्रोजेक्ट आपल्या मार्गदर्शनाखाली झाला.

मी अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांत थर्मल सायन्सेसमधल्या एमएससाठी अर्ज करतो आहे. त्यासाठी आपण शिफारसपत्र द्यावं, अशी विनंती आहे. पत्र एकच असलं तरी प्रत्येक विद्यापीठाची लिंक आणि फॉर्म वेगळा असेल. पहिली तारीख १५ डिसेंबर, शेवटची १५ जानेवारी.

आपल्याला आठवत असेल, दुपारी ड्रायरमधलं तापमान हिशेबापेक्षा बरंच जास्त दिसत होतं. थर्मोकपलवर थेट ऊन पडत असल्यामुळे तसं होत असावं, असं वाटून मी त्याला फॉइलचा आडोसा केला आणि रीडिंग पुन्हा घेतली. आपल्या सांगण्यावरून तो भाग रिपोर्टमध्ये स्वतंत्र लिहिला. मला पुढे ज्या विषयात काम करायचंय, त्याची सुरुवात तिथे झाली.

माझ्या कामाबद्दल आपल्याला सविस्तर लिहिता येईल असं वाटत असेल, तरच होकार द्यावा. वेळेअभावी किंवा अन्य कारणानं जमणार नसेल, तर तसं निःसंकोच कळवावं. आपला होकार आल्यावर गुणपत्रकं, उद्देशपत्राचा मसुदा आणि विद्यापीठांची यादी पाठवतो. सीव्ही सोबत जोडला आहे. हवं असल्यास कॉलेजात येऊन भेटतो.

आपला विद्यार्थी,
(पूर्ण नाव, परीक्षा क्रमांक, मोबाइल)

या मेलमधला सगळ्यात कामाचा परिच्छेद थर्मोकपलचा आहे. ‘मी मेहनती आहे’ असं लिहिलं असतं तर मॅडमना त्यातून काहीच उचलता आलं नसतं. दरवर्षी साठ-सत्तर मुलं त्यांच्या वर्गातून जातात. इथे त्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट आहे. चुकीचं रीडिंग तसंच न लिहिता मुलानं कारण शोधलं, हे त्या स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात. प्रसंग त्यांनी पाहिलेलाच हवा. दुसऱ्या कॉलेजच्या हॅकेथॉनमधलं बक्षीस सीव्हीत शोभतं, इथे नाही.

नकाराची वाट मोकळी ठेवणारं वाक्य काढू नका. तोंडावर नाही म्हणणं आपल्याकडे अवघड जातं, मग नाइलाजानं होकार मिळतो आणि चार ओळींचं थंड पत्र जातं. त्यापेक्षा ऑक्टोबरात आलेला नकार परवडतो, दुसऱ्या सरांना विचारायला वेळ असतो.

होकार आला की त्याच मेलला उत्तर म्हणून कागदपत्रं पाठवा: सीव्ही, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं एका पीडीएफमध्ये, उद्देशपत्राचा मसुदा, प्रोजेक्ट रिपोर्टचा सारांश आणि एक तक्ता. तक्त्यात विद्यापीठ, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, अंतिम तारीख आणि लिंक पाठवल्याची तारीख असावी. दहा फाइल सुट्या पाठवल्या की त्यातल्या दोन हरवतातच.

बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, “तूच लिहून आण, मी सही करतो.” हे करू नका. एकाच हातानं लिहिलेली तीन पत्रं शेजारी ठेवली की वाक्यांची ठेवण लगेच ओळखू येते, शिवाय पत्र प्राध्यापकांनीच लिहिलं पाहिजे अशी विद्यापीठांची अपेक्षा असते. “मॅडम, मी मुद्दे आणि तारखा काढून देतो, त्यावरून आपण लिहा,” असं म्हणावं आणि पानभर मुद्दे द्यावेत. प्राध्यापकांच्या नावानं आपणच जीमेल खातं उघडून पत्र चढवणारेही असतात. तो सरळ बनावट कागद ठरतो आणि मिळालेला प्रवेशही त्यापायी रद्द होऊ शकतो.

पोर्टलवर शक्यतो कॉलेजचा अधिकृत ईमेलच भरा. काही विद्यापीठं खासगी ईमेल घेत नाहीत किंवा त्यावरून आलेल्या पत्राची पडताळणी करतात. मॅडम तो इनबॉक्स उघडतात का, हे मात्र आधी विचारून घ्या. नावाखाली एक प्रश्न असतो: पत्र पुढे पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? अमेरिकेच्या १९७४ च्या ‘फर्पा’ कायद्यानं विद्यार्थ्याला तो हक्क दिलेला आहे. सहसा इथे waive निवडतात. मूल पत्र वाचणार नाही हे ठाऊक असलं की प्राध्यापक मोकळेपणानं लिहितात आणि वाचणाराही त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

लिंक काही पोर्टलवर नाव भरताच जाते, काही ठिकाणी संपूर्ण अर्ज सबमिट केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात अर्ज १४ डिसेंबरला भरलात, तर मॅडमच्या हाती एकच दिवस राहतो. लिंक गेली की त्याच दिवशी त्यांना कळवा, स्पॅम फोल्डर पाहायला सांगा. विद्यापीठाचा मेल अनोळखी पत्त्यावरून येतो आणि हमखास तिथेच पडतो. पत्र पोचलं की नाही, हे तुमच्या पोर्टलवर दिसतं. तारखेच्या दहा दिवस आधीपर्यंत तसं दिसलं नाही, तर दोन ओळींची आठवण पाठवा, आणि तीन-चार दिवसांनी थेट फोन करा. आठवणीत नुसतं ‘१५ तारीख’ न लिहिता आपली वेळही लिहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ डिसेंबरचे रात्रीचे ११:५९ वाजतात, तेव्हा आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९ झालेले असतात.