लेखापरीक्षा परिच्छेद आणि लोकलेखा समिती (महाराष्ट्र)

सरकारी खर्चाच्या तपासणीत सापडलेली आणि अहवालात छापली गेलेली त्रुटी म्हणजे लेखापरीक्षा परिच्छेद. सरकारी कार्यालयांत याला ‘ऑडिट पॅरा’ किंवा नुसतेच ‘पॅरा’ म्हणतात. पॅरा लिहितात महालेखाकार आणि त्याबद्दल खात्याला जाब विचारते विधिमंडळाची लोकलेखा समिती. ही जोडी मोडली तर दोन्ही बाजू लंगड्या पडतात. लेखापरीक्षकाला वसुलीचा किंवा शिक्षेचा अधिकार नाही, आणि गावोगावची देयके उघडून बघायला आमदारांकडे माणसे नाहीत.

ही व्यवस्था मूळची ब्रिटनची. तिथे ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना 1861 मध्ये अशी समिती नेमली गेली. भारतात केंद्रीय पातळीवर ती 1921 मध्ये आली, पण तेव्हा खुद्द सरकारचा वित्त सदस्यच तिचा अध्यक्ष असे, म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक. राज्यघटना लागू झाल्यावर ती खऱ्या अर्थाने संसदेची झाली आणि 1967 पासून लोकसभेत तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला. मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. राज्यांच्या समित्या याच धर्तीवर चालतात.

पॅऱ्याचा जन्म मंत्रालयात होत नाही, तालुक्याच्या कार्यालयात होतो. मुंबई आणि नागपूर येथील महालेखाकार कार्यालयांची पथके तिथे काही दिवस बसून देयके, मोजमाप पुस्तिका आणि निविदांच्या फायली चाळतात. समजा, एका नाल्याच्या खोलीकरणाचे 11 लाख 20 हजारांचे काम प्रत्येकी 2 लाख 80 हजारांच्या चार तुकड्यांत दिलेले आढळले. ई-निविदेची मर्यादा तेव्हा 3 लाख असेल, तर हे तुकडे कशासाठी पाडले ते उघड आहे. पण लेखापरीक्षक लगेच तसा आरोप करत नाही. तो कागदाच्या एका अर्ध्या भागात प्रश्न लिहितो आणि दुसरा अर्धा उत्तरासाठी कोरा ठेवतो. म्हणून या ज्ञापनाला ‘हाफ मार्जिन’ हे नाव पडले. ‘कामे नाल्याच्या वेगवेगळ्या भागांत, स्वतंत्र साखळी क्रमांकांवर होती’ असे उत्तर नकाशासह आले, तर आक्षेप तिथेच मिटतो. ‘वरिष्ठांच्या तोंडी सूचनेनुसार’ असे आले, तर तो पुढे सरकतो.

न मिटलेले आक्षेप निरीक्षण अहवालात जातात आणि त्याचे पहिले उत्तर महिन्याभरात द्यायचे असते. त्यांतले मोठ्या रकमेचे किंवा जागोजाग सारखेच दिसणारे आक्षेप मसुदा परिच्छेद म्हणून थेट खात्याच्या सचिवांकडे जातात. त्यांना सहा आठवड्यांची मुदत असते. उत्तर आले नाही, तर ‘उत्तर प्राप्त झाले नाही’ असे छापून पॅरा तसाच प्रसिद्ध होतो. अहवाल वाचताना हे वाक्य किती वेळा येते ते मोजावे. खात्याची शिस्त त्यावरून रकमेपेक्षाही चांगली कळते.

पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद 151 नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे महालेखाकार ज्यांच्या हाताखाली काम करतात ते कॅग, राज्याचा अहवाल राज्यपालांकडे पाठवतात आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात. किती दिवसांत, हे घटनेने सांगितलेले नाही, आणि खरी फट हीच आहे. अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येण्याची रीत इतकी मुरली आहे की त्यावर सभागृहात सविस्तर चर्चा सहसा होतच नाही. आमदारांआधी वर्तमानपत्रेच तो वाचून काढतात.

जलयुक्त शिवार अभियानाच्या अहवालाचे उदाहरण घेतले की हा सगळा प्रवास डोळ्यांपुढे येतो. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर 9,633 कोटी 75 लाख रुपये खर्च झाले. कॅगने सहा जिल्ह्यांतली 120 गावे निवडून 1,128 कामे तपासली. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदात माणसे, जनावरे आणि पिके यांची जी गरज मांडली होती, ती झालेल्या कामांनी भागते का, ही कसोटी लावली. निष्कर्ष असा निघाला की कामे बहुतेक पूर्ण झाली, पण गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणे आणि भूजल पातळी वाढवणे यांवर त्यांचा परिणाम थोडाच झाला. टँकरच्या फेऱ्यांचे आकडेही अहवालाने पुढे केले.

हा अहवाल 8 सप्टेंबर 2020 रोजी, दोनच दिवसांच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, मांडला गेला. तोवर योजना आणणारे सरकार जाऊन दुसरे आले होते. लाखो कामांतून हजारभर कामे बघून निकाल कसा देता, असा सवाल योजनेच्या समर्थकांनी केला. सवाल अगदीच पोकळ नव्हता. 2018 मध्ये पाऊस कमी पडून राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, त्यामुळे टँकर वाढले एवढ्यावरून बांध निकामी ठरत नाहीत. पण नमुन्यातल्या गावांत गरज आणि साठा यांचा मेळ बसत नाही, या मुख्य आक्षेपाला ‘नमुना थोड्याच कामांचा होता’ हे उत्तर होत नाही. त्याला उत्तर गावनिहाय ताळेबंदानेच द्यावे लागते, आणि तो मागण्याची जागा म्हणजे लोकलेखा समिती.

प्रत्यक्षात सरकारने ऑक्टोबर 2020 मध्ये विशेष चौकशीचा निर्णय घेतला आणि पुढे निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सत्ता पुन्हा बदलल्यावर डिसेंबर 2022 मध्ये अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली. पॅरा राजकारणात गेला की असे होते. गुन्हा झाला का, एवढाच प्रश्न उरतो आणि खात्याने नियोजन कसे केले हा मूळ प्रश्न बाजूला पडतो. ज्याने कोणी पैसा खाल्ला नाही, पण चुकीच्या जागी बांध घातला, त्याला पोलीस चौकशीत काही विचारताच येत नाही.

लोकलेखा समितीपुढचे काम मात्र वेगळ्या चालीने होते. खाते पॅऱ्यावर स्पष्टीकरणात्मक ज्ञापन देते आणि महालेखाकार कार्यालय ते तपासून समितीला प्रश्न सुचवते. मग साक्षीला सचिव येतात, मंत्री नव्हे. त्यांच्या मागे फायली घेतलेले उपसचिव बसतात आणि चिठ्ठ्या पुढे सरकवतात. ‘माहिती घेऊन सादर करू’ हे तिथले सर्वांत जुने वाक्य. धोरण बरोबर की चूक, हे समिती विचारत नाही. मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्या कामावर, नियमाने आणि काटकसरीने गेला का, एवढेच विचारते. तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण काय कार्यवाही केली ते खात्याला लेखी कळवावे लागते आणि ते पटले नाही तर समिती पुन्हा अहवाल देते.

या साऱ्यात काळाचे नुकसान मोठे असते. खर्च, तपासणी, छपाई, पटल आणि साक्ष अशी वर्षे उलटतात. साक्षीला आलेले सचिव त्या वेळी दुसऱ्याच खात्यात होते आणि सही करणारा अभियंता निवृत्त झाला आहे, हे नेहमीचेच.

जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी वेगळी वाट आहे. त्यांचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा तपासते आणि आक्षेपांची सुनावणी विधिमंडळाची पंचायत राज समिती घेते. ही समिती साक्षीसाठी थेट जिल्ह्यात येते. ‘पीआरसी येतेय’ म्हटले की वर्षानुवर्षे पडून असलेल्या आक्षेपांची अनुपालने दोन आठवड्यांत तयार होतात, रंगरंगोटीही होते.